पंच्याहत्तर लाखांची मर्यादा आणि चाळीस हजारांचा चेक

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी, 18 ऑक्टोबर 2024 ला, मी गंगापूर रोडवरच्या एका साइटवर सुताराशी वॉर्डरोबच्या बिजागऱ्यांवरून वाद घालत होते. तेवढ्यात फोनवर मेल आला. प्राप्तिकर खात्याचा, म्हणून मला वाटलं रिफंड आला. जुलैच्या अखेरीस रिटर्न भरलं होतं आणि 90,000 रुपये परत मिळायचे होते. त्या पैशांतून ऑफिसात नवा प्लॉटर घ्यायचा, एवढं ठरवूनही झालं होतं.

सोबतच्या पीडीएफला पासवर्ड होता. पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. साइटवरच्या धुळीत उभं राहून तो दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा फाइल उघडली. रिफंड नव्हता. कलम 139(9) खालची नोटीस होती: तुमचं रिटर्न सदोष आहे, पंधरा दिवसांत दुरुस्त करा, नाहीतर ते भरलंच नाही असं धरलं जाईल. कारण असं दिलं होतं की ज्या रकमेवरच्या टीडीएसचं, म्हणजे बिलातून आधीच कापलेल्या कराचं, क्रेडिट तुम्ही घेतलं आहे, ती रक्कम तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलेल्या एकूण जमेपेक्षा जास्त आहे.

पंधरा दिवस म्हणजे 2 नोव्हेंबर. त्या दिवशी पाडवा होता.

मी इंटिरियर डिझायनर आहे. नाशिकला दोन खोल्यांचं ऑफिस, हाताखाली दोन मुलं. काही वर्षं मी कलम 44एडीए खाली रिटर्न भरत आले. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, इंटिरियरवाले अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी ही सोय आहे. वर्षाची एकूण जमा सांगायची, तिचा निम्मा हिस्सा नफा धरायचा, त्यावर कर भरायचा. वह्या ठेवायला नकोत, ऑडिट नको. यासाठी जमेची मर्यादा 50 लाख होती. 2023-24 या आर्थिक वर्षापासून ती 75 लाख झाली आणि आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकमेकांना तेवढंच सांगितलं: आता पंच्याहत्तर झाली, बिनधास्त राहा. त्या वाक्याला एक शेपूट होतं, ते माझ्यापर्यंत कुणी पोचवलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या वर्षी माझी तीन मोठी कामं होती. एका हॉटेलचं बिल 22,40,000, एका बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅट्सचं 17,60,000 आणि एका कंपनीच्या ऑफिसचं 11,90,000. हे आकडे जीएसटी सोडून. तिघांनीही दहा टक्के टीडीएस कापला, म्हणजे 51,90,000 वर 5,19,000. याशिवाय घरांची लहान कामं 5,40,000 ची. त्यांत कुणी टीडीएस कापत नाही. सगळं मिळून 57,30,000.

रिटर्नमध्ये मात्र मी 47,50,000 दाखवले होते. मधले 9,80,000 गेले कुठे? तो माझा शहाणपणा. हॉटेलच्या आणि ऑफिसच्या कामात प्लायवूड, लॅमिनेट आणि हार्डवेअर मीच आणून दिलं होतं. गिऱ्हाइकाने पैसे दिले, मी दुकानदाराला दिले. माझ्या हिशेबाने ते पैसे माझे नव्हतेच, माझ्या खात्यातून फक्त पुढे गेले. जो गृहस्थ माझी रिटर्न भरून द्यायचा त्याला मी म्हटलं, मटेरियलचे वजा करा, त्यावर कसला आलाय निम्मा नफा? त्याने वजा केले. जमा पन्नासच्या आत आली, म्हणून पुढचा कुठलाच प्रश्न त्याने विचारला नाही. दोष त्याच्यावर ढकलायचा मोह होतो, पण वजा करायला मीच सांगितलं होतं.

नोटीस घेऊन मात्र त्याच्याकडे गेले नाही. माझ्या भावाच्या ओळखीचे एक सीए आहेत, पासष्टीच्या आसपासचे, त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी पोर्टल उघडायला लावलं. मेलवर विसंबायचं नाही, म्हणाले. लॉगिन केल्यावर Pending Actions मध्ये e-Proceedings आहे, तिथे नोटीस दिसली तरच ती खरी. दिसली. उत्तरासाठी दोनच पर्याय होते, Agree आणि Disagree.

मी लगेच म्हटलं, "सर, डिसअ‍ॅग्रीच करायचं ना? मटेरियलचे पैसे माझे नाहीत."

"दुकानाचं बिल कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट कुणी घेतलं?"

"मी."

"आणि हॉटेलला तुम्ही जे बिल दिलंत, त्यात प्लायवूड वेगळं दाखवलंय?"

बिलात 'इंटिरियरचे काम, मटेरियलसह' अशी एकच ओळ होती, तीवर अठरा टक्के जीएसटी. मी काही बोलले नाही.

"मग ते तुमचेच पैसे, मॅडम. जमाही तुमची आणि खर्चही तुमचाच."

त्यांनी नीट समजावलं ते असं. दुकानाचं बिल थेट हॉटेलच्या नावावर असतं, मी फक्त त्यांच्या वतीने पैसे भरले असते आणि त्यात एक रुपयाही न वाढवता तेवढेच वेगळे वसूल केले असते, तर ती रक्कम माझी जमा नाही असं म्हणायला जागा होती. माल माझ्या नावावर घेऊन माझ्या बिलात घातला की तो माझ्या धंद्याचा भाग होतो, आणि 44एडीए मध्ये जमेतून खर्च वजा करायची सोयच नाही. सगळा खर्च त्या निम्म्या हिश्श्यातच आला असं धरतात. मग त्यांनी माझं जुलैचं रिटर्न उघडून जीएसटीच्या तक्त्यावर बोट ठेवलं. त्याच फॉर्ममध्ये, आयटीआर-4 मध्ये, वर्षभराचा जीएसटीचा टर्नओव्हर लिहायची जागा असते. तिथे 57,30,000 होते. म्हणजे मी एकाच कागदावर वर 47 लाख आणि खाली 57 लाख लिहून सही केली होती. या नोटिशीत त्याचा उल्लेख नव्हता. पण 26एएस या टीडीएसच्या सरकारी नोंदीतले 51,90,000 जुळवून दाखवले असते, तरी ती दुसरी विसंगती तशीच राहिली असती.

मी तरीही हार मानली नाही. "बरं, 57 लाख धरा. मर्यादा तर 75 आहे ना? निम्मा नफा दाखवते, जास्तीचा कर भरते, विषय संपला."

"रोख किती घेतलीत वर्षात?"

हेच ते शेपूट. 75 लाखांची मर्यादा कुणाला? ज्याची रोख जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नाही त्याला. रोख त्याहून एक रुपयाने जरी वाढली, तरी मर्यादा जुनीच, 50 लाख. माझ्या 57,30,000 चे पाच टक्के म्हणजे 2,86,500.

मी वही काढली. घरांच्या कामांत चार जणांनी रोख दिली होती, कुणी वीस हजार, कुणी लाखाच्या वर. बेरीज 2,70,000. मला हसू आलं. 16,500 रुपयांनी सुटले. विनोद असा की मटेरियलचे पैसे जमेत धरल्यामुळेच रोख पाच टक्क्यांच्या आत बसली, कारण एकूण आकडा फुगला की त्याचे पाच टक्केही वाढतात.

सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, चेक दाखवा.

मला मिळालेल्या प्रत्येक चेकचा फोटो मी काढून ठेवते, कारण एकदा एक चेक हरवल्याचा मनस्ताप झाला होता. सरांनी फोटो एकेक करून मोठा करून पाहिला. पंचवटीतल्या एका आजींनी स्वयंपाकघराच्या कामाचे 40,000 चेकने दिले होते. सुंदर, तिरकं, जुन्या वळणाचं अक्षर. माझं नाव, रक्कम, सही. डाव्या कोपऱ्यात काहीच नाही. दोन तिरप्या रेघा नाहीत, 'अकाउंट पेयी' तर नाहीच.

"हा चेक मी माझ्या खात्यातच भरलाय," मी म्हटलं. "स्टेटमेंटमध्ये क्लिअरिंगची नोंद आहे. रोख कुठे आली यात?"

कलमातच लिहिलेलं आहे, ते म्हणाले. जो चेक किंवा ड्राफ्ट अकाउंट पेयी नाही, त्याने आलेले पैसे रोखच धरायचे. मग तो तुम्ही खात्यात भरा किंवा काउंटरवर वटवा. नुसत्या दोन रेघा ओढून भागत नाही, मधे ते शब्द हवेत.

2,70,000 अधिक 40,000, म्हणजे 3,10,000. टक्केवारी 5.41. पाच टक्क्यांच्या रेषेच्या 23,500 पुढे.

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मनात आलं की हा फोटो दाखवलाच नसता तर? सरांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ते एवढंच म्हणाले, "ऑडिट रिपोर्टवर माझी सही असते." आणि चहा सांगितला.

मर्यादा 50 लाख ठरल्यावर पुढचं सगळं सरळ होतं आणि सगळंच महाग. सोय गेली म्हणजे वह्या आल्या आणि ऑडिट आलं. आयटीआर-4 चालणार नाही, नफातोटा पत्रक आणि ताळेबंदासह आयटीआर-3 भरायचं. ऑडिट रिपोर्टची त्या वर्षीची वाढवून दिलेली शेवटची तारीख 7 ऑक्टोबर होती, ती नोटीस यायच्या आधीच उलटून गेली होती. रिटर्नची मात्र, ऑडिटवाल्यांसाठी, 15 नोव्हेंबर होती. त्यामुळे उशिरा रिटर्न भरल्याचं व्याज तरी लागणार नव्हतं.

पुढचे दहा दिवस वर्षभराच्या हिशेबाची वही नव्याने लिहिण्यात गेले. माझ्याकडे बिलं होती, बँक स्टेटमेंट होतं, सुतारांना दिलेल्या पैशांच्या चिठ्ठ्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. ऑफिसातल्या दोघा मुलांपैकी एकाने फराळाच्या वासात बसून सगळं एक्सेलमध्ये भरलं. मला खर्चाची आठवण बरी आहे असा माझा समज होता, पण डब्यातून निघालेल्या 11,000 च्या एका चिठ्ठीचा पत्ता अजून लागलेला नाही. ती खर्चात धरली नाही.

याच डब्यात पुढचा धक्का होता. पॉलिशवाल्याला मी दोन वेगवेगळ्या दिवशी प्रत्येकी 18,000 रुपये रोख दिले होते. एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिली, तर तो खर्च मान्य होत नाही. 44एडीए मध्ये असताना हे कुणी पाहत नाही, कारण खर्च दाखवायचाच नसतो. वह्या आल्या की असा प्रत्येक जुना व्यवहार उकरून निघतो. एकूण खर्च 28,16,000 भरला, नफा 29,14,000 आला, त्यात पॉलिशवाल्याचे 36,000 परत मिळवले आणि करपात्र आकडा 29,50,000 झाला. जमेच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्तच. ऑडिट झालं की खरा खर्च दाखवून कर वाचतो असं मला एक मैत्रीण सांगत होती. तिचा वाचला असेल.

आता कर. मी नव्या करप्रणालीत आहे. जुलैच्या रिटर्नप्रमाणे 23,75,000 उत्पन्नावर सेससह 4,29,000 कर होता. टीडीएस 5,19,000, म्हणून ते 90,000 परत मिळणार होते. नव्या हिशेबाने 29,50,000 वर 6,08,400. टीडीएस वजा जाता मलाच 89,400 भरायचे होते. घ्यायचे नव्वद हजार गेले आणि जवळजवळ तेवढेच द्यायचे झाले. प्लॉटरचा विषय तिथेच मिटला.

त्यावर व्याज. आगाऊ कर भरला नाही म्हणून एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सात महिने, महिन्याला एक टक्का, 6,258 रुपये. दुसरं व्याज हप्ते चुकवल्याचं, आणि इथे मला पुन्हा त्या योजनेची किंमत कळली. 44एडीए वाल्याला सगळा आगाऊ कर 15 मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो, त्यामुळे तेवढा एक हप्ता चुकल्याचे 894 रुपये झाले असते. योजनेबाहेर पडलं की जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते मागच्या तारखेने लागू होतात. ते मी कुठून भरणार, जूनमध्ये मला हे माहीतच नव्हतं. चारींचं मिळून 4,512. सगळं धरून चलन 1,00,170 रुपयांचं निघालं. ते मी 29 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला भरलं. आई देवघरात धने-गूळ मांडत होती. तिने विचारलं, आज कुणाला पैसे देतेस? दिवस आहे का हा?

दुसऱ्या दिवशी सरांनी ऑडिट रिपोर्ट अपलोड केला. त्याआधी पोर्टलवर मला त्यांचं नाव माझे सीए म्हणून जोडावं लागलं, 3सीबी-3सीडी हा फॉर्म त्यांच्याकडे सोपवावा लागला, आणि त्यांनी भरल्यावर माझ्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागला. हे स्वीकारणं लोक विसरतात आणि रिपोर्ट तसाच लटकत राहतो, असं ते म्हणाले. मग e-Proceedings मध्ये जाऊन Agree निवडलं आणि नवं आयटीआर-3 त्या नोटिशीचं उत्तर म्हणून चढवलं. रात्री साडेदहाला पावती आली. पहाटे अभ्यंगस्नान होतं. उटणं लावताना माझ्या डोक्यात 5.41 टक्केच फिरत होते.

उशिरा झालेल्या ऑडिटचा दंड वेगळा होता. जमेचा अर्धा टक्का किंवा दीड लाख, यांतलं जे कमी असेल ते. माझ्या बाबतीत 28,650. हा दंड आपोआप लागत नाही, अधिकारी आधी कारण विचारतो आणि सबळ कारण असेल तर सोडूही शकतो. सरांनी तेव्हाच एक पानभर टिपण करून ठेवलं: योजनेत आहोत असं समजून रिटर्न वेळेत भरलं होतं, चूक कळल्यावर मुदतीच्या आत दुरुस्त केली, कर आणि व्याज भरलं, चेकचा फोटो स्वतःहून दाखवला. मी 28,650 ची एक वेगळी ठेव केली आहे. अजून त्याबद्दल काही विचारणा आलेली नाही. नवं रिटर्न मंजूर झाल्याचा मेल फेब्रुवारीत आला, मागणी शून्य.

एक भीती मात्र फुकटची निघाली. कुणीतरी सांगितलं होतं की एकदा या योजनेतून बाहेर पडलं की पाच वर्षं परत येता येत नाही. ते कलम 44एडी चं, म्हणजे दुकानदार-व्यापाऱ्यांचं. आम्हा व्यावसायिकांच्या 44एडीए ला असं बंधन नाही. पुढच्या वर्षी जमा आणि रोख दोन्ही मर्यादेत असली तर मी परत निम्म्या नफ्याच्या हिशेबावर येऊ शकते. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाकडून रोख घेत नाही, आणि कुणी चेक दिला तर त्याच्यासमोरच कोपऱ्यात रेघा ओढून मधे ते दोन शब्द लिहून घेते. पंचवटीच्या आजींनी मार्चमध्ये कपाटाच्या कामाचा चेक दिला तेव्हा त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मुद्दामच नाही मारल्या रेघा. तुला अडचण असेल तर लगेच वटवता यावा म्हणून."

मला वाटलं होतं इथे संपलं. पण सर रिपोर्टची फाइल हातात देताना म्हणाले, "भाडं किती देता ऑफिसचं?"

"बावीस हजार."

वर्षाचे 2,64,000. ज्या व्यावसायिकाची आधीच्या वर्षाची जमा 50 लाखांच्या वर गेली, त्याला पुढच्या वर्षी दुसऱ्यांचा टीडीएस कापायची जबाबदारी येते. इथे 75 लाखांचा काही संबंध नाही, रोख किती आणि चेक कसा याचाही नाही. सरळ 50. म्हणजे तो 5.41 टक्क्यांचा घोळ झाला नसता, मी सुखरूप 75 च्या आत बसले असते, तरी 1 एप्रिल 2024 पासून मला टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, काढून भाड्यावर दहा टक्के कापायचे होते. त्या वर्षी भाड्याची मर्यादा 2,40,000 होती, माझं भाडं तिच्या वर. सुतार आणि पॉलिशवाल्यांचाही वर्षाचा आकडा एका मर्यादेपुढे गेला की कापायचा. सात महिने आधीच होऊन गेले होते. त्याचं व्याज वेगळं.

टॅन नोव्हेंबरात आला. ऑफिसचे मालक खालीच राहतात, निवृत्त शिक्षक, मी त्यांना काका म्हणते. डिसेंबरचं भाडं 19,800 जमा झाल्यावर ते जिना चढून वर आले, चष्मा कपाळावर, हातात पासबुक.

"बावीसशे कमी आलेत, बेटा. पंखा मी दुरुस्त करून दिला होता ना?"

मी त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. चेकपर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, "थांब, आधी मला हे सांग, ते बावीसशे मला परत मिळणार का?" तुम्हाला कर लागत नसेल तर मिळतील, म्हटलं, पण त्यासाठी तुम्हाला रिटर्न भरावं लागेल.

"मी आयुष्यात रिटर्न भरलेलं नाही," काका म्हणाले.